प्रकल्प नोंदी: दमला तो परफ्यूम की माझं नाक?

६ सप्टेंबर

कपाटात दोन जवळजवळ भरलेल्या बाटल्या आहेत. दोन्ही मी दुकानात दहा मिनिटांत निवडल्या होत्या. पहिली घेतली ती फवारल्याबरोबर आलेल्या ताज्या, लिंबासारख्या वासावर भुलून. घरी आल्यावर कळलं की तो वास वीस मिनिटांचा पाहुणा आहे आणि त्यानंतर दिवसभर उरतो तो गोडसर, जड वास मला सोसत नाही. दुसरी बाटली वापरणं सोडलं ते वेगळ्या कारणाने. अर्ध्या तासात तिचा वास येईनासा व्हायचा, म्हणून ती टिकत नाही असं मी ठरवून टाकलं. ते खरं होतं की नाही, हे मी कधी तपासलंच नाही.

म्हणून या वेळी बाटली घेण्याआधी दुकानात सुगंध तपासायची पद्धत पक्की करायची. महिनाभर वेळ देणार आहे. सहा परफ्यूम निवडलेत. नावाचा, बाटलीच्या आकाराचा मनावर परिणाम होऊ नये म्हणून नोंदींत त्यांना अक्षरं दिली आहेत. क लिंबूवर्गीय, ख गुलाब आणि आयरिसचा, ग मसालेदार, घ चंदन आणि मस्कचा, म्हणजे कस्तुरीसारख्या वासाचा, च सुक्या लाकडाचा आणि अंबरचा, त्यातही मस्क भरपूर, आणि छ व्हॅनिलाचा.

या सगळ्यातून मला एका प्रश्नाचं उत्तर हवं आहे. वास कमी झाला असं वाटतं तेव्हा सुगंध उडालेला असतो की नाक थकलेलं असतं, हे ओळखायचं कसं?

७ सप्टेंबर, दुकानातली पहिली फेरी

आज मुद्दाम काहीच सुधारलं नाही. नेहमी करतो तसंच केलं, म्हणजे पुढे तुलना करायला काहीतरी हाताशी राहील. संध्याकाळी, गर्दीच्या वेळी गेलो. सहाही परफ्यूम एकामागून एक ब्लॉटरवर, म्हणजे वास घ्यायच्या कागदी पट्ट्यांवर, मारून घेतले आणि प्रत्येक पट्टी लगेच नाकाशी नेली. क्रम होता क, ख, ग, च, घ, छ. सगळं मिळून बारा मिनिटं लागली.

तिथेच उभं राहून लिहिलेले शेरे असे: क, उत्तम. ख, छान, थोडा पावडरीसारखा. ग, तिखट, नको. च, जोरदार. घ, फिका, पाण्यासारखा, काही विशेष नाही. छ, गोड.

मधेच काउंटरवरच्या बाईंनी कॉफीच्या बियांची बरणी पुढे केली. "सर, हे हुंगा, नाक मोकळं होईल." हुंगलं. कॉफीचा वास छान आला, पण त्यानंतर हुंगलेला घ काही वेगळा वाटला नाही.

पट्ट्यांवर नावं लिहिली नव्हती. सहाही पट्ट्या एकाच खिशात घातल्या. घरी येईपर्यंत सगळ्यांना एकच वास होता, आणि तो बहुतेक च चा होता. आजच्या फेरीतून हाती काही लागलं नाही. फक्त घ समोरचा "फिका" हा शेरा मी खूण करून ठेवला आहे.

९ सप्टेंबर, घरी पट्ट्यांचा सराव

ब्लॉटर म्हणजे जाडसर, शोषून घेणाऱ्या कागदाची पट्टी. त्या कागदाला स्वतःचा वास नसावा लागतो. तो आहे की नाही, हे कोरी पट्टी हुंगून आधी पाहावं. माझ्याकडच्या काही पट्ट्या एका सुगंधी पाकिटात ठेवलेल्या होत्या. त्या कोऱ्या असूनही त्यांना वास येत होता. त्या टाकून दिल्या.

जुन्या दोन बाटल्यांवर आज संध्याकाळभर सराव केला. जे जमलं ते असं. पट्टीच्या कोरड्या टोकावर नाव आणि वेळ फवारण्याआधीच लिहायची, कारण नंतर हात ओला असतो आणि लक्ष वासात गुंतलेलं असतं. पट्टी वीतभर लांब धरून एकच फवारा मारायचा. अगदी जवळून मारला की कागद चिंब भिजतो, द्रव ओघळतो आणि मद्यार्क उडायला फार वेळ लागतो. फार लांबून मारला तर निम्मा फवारा हवेत जातो आणि पुढची पट्टी त्याच ढगात धरावी लागते.

त्यानंतर थांबायचं. माझी सगळ्यात मोठी चूक इथेच होत आली आहे. परफ्यूमच्या बाटलीत बहुतांश द्रव इथाइल अल्कोहोल असतं. फवारल्यापासून पहिले काही सेकंद नाकात जे झोंबतं ते तेच. ती झोंब सुगंधाची नसते, पण तिच्यामुळे नाक आखडतं आणि पुढचा श्वास आपण नीट घेत नाही. पट्टी हलकेच हलवत मी घड्याळ लावून पाहिलं. तीस सेकंदांनी झोंब बरीच कमी होते आणि एका मिनिटात जवळजवळ जाते. आता एक मिनिट हा नियम केला.

हुंगताना पट्टी नाकाला टेकवायची नाही. एकदा टेकली की ओठावर वास बसतो आणि पुढच्या सगळ्या पट्ट्यांना तोच वास येत राहतो. बोटभर अंतरावरून दोन-तीन छोटे श्वास घ्यायचे, पट्टी दूर करायची, लिहायचं. छाती भरून ओढलेल्या लांब श्वासाने जास्त काही कळत नाही, नाक मात्र लवकर थकतं.

पट्टी टेबलावर ठेवताना तिचं ओलं टोक वर वाकवायचं, म्हणजे ते टेबलाला लागत नाही. दोन पट्ट्यांमध्ये हातभर अंतर ठेवायचं.

१३ सप्टेंबर, दुसरी फेरी

दुकान उघडायच्या वेळेला गेलो. संध्याकाळी तिथली हवाच दिवसभराच्या फवाऱ्यांनी भरलेली असते. आत पाऊल टाकल्यापासून नाक कामाला लागतं आणि आपल्याला पत्ताही नसतो. सकाळी फरक लगेच जाणवला. अंगाला काही लावलं नव्हतं, कपडे बिनवासाच्या पावडरीत धुतलेले होते.

आज चारच परफ्यूम घेतले आणि क्रम बदलला. घ पहिला, मग क, मग ख, च शेवटी. दोन पट्ट्यांमध्ये पाच मिनिटं. त्यातली तीन मिनिटं दुकानाबाहेर उभा राहिलो.

काउंटरवर ठेवलेल्या टेस्टर बाटलीचा पहिला फवारा मी टाकाऊ कागदावर मारला. नळीत आणि तोंडाशी आदल्या दिवशीचा द्रव राहिलेला असतो आणि हवा लागून त्याचा वास थोडा बदललेला असतो. लिंबूवर्गीय वासात हे जास्त कळतं. क चा पहिला फवारा किंचित शिळा, जुन्या रंगाच्या डब्यासारखा आला. दुसरा स्वच्छ होता. मात्र टेस्टर बाटली महिनोन् महिने दिव्याखाली उघडी असेल, तर आतला सगळाच द्रव बदललेला असू शकतो. त्याला दुसऱ्या फवाऱ्याचा उपाय नाही. तिथे नवी टेस्टर मागावी.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या क्रमांकावर हुंगलेला घ अजिबात फिका नाही. दुधासारखं मऊ चंदन, त्याच्या पाठीमागे स्वच्छ धुतलेल्या कापडासारखा मस्क. आजच्या चारही पट्ट्यांत मला तो सगळ्यात भरलेला वाटला. परफ्यूम तोच, बाटलीही तीच. मग गेल्या वेळी तो पाण्यासारखा का लागला?

कारण गेल्या वेळी तो च च्या लगेच नंतर आला होता. एखादा वास सतत येत राहिला की नाकातल्या ग्राही पेशी त्याला प्रतिसाद देणं कमी करतात. वास पकडल्यावर पेशीत कॅल्शियम शिरतं आणि तेच पुढच्या संदेशाला लगाम घालतं. मेंदूही आपल्या बाजूने तोच वास मागे सारतो. हे त्या एका वासापुरतंच राहत नाही. त्याच जातीचे दुसरे वासही दबतात. च मध्ये मस्क भरपूर आणि सुकं लाकूड. त्याने माझं नाक नेमकं घ च्या कण्यासाठी बोथट केलं. घ मधून मस्क आणि लाकूड वजा केलं तर उरेल काय? पाणीच. गेल्या वेळचा शेरा त्या अर्थाने खरा होता. तो घ विषयी नव्हता, एवढंच.

म्हणजे एकाच घराण्यातले दोन सुगंध लागोपाठ हुंगायचे नाहीत, आणि जोरदार तो नेहमी शेवटी ठेवायचा.

१४ सप्टेंबर

कालच्या चार पट्ट्या वेगवेगळ्या प्लास्टिक पिशव्यांत घालून आणल्या होत्या. काल दहा मिनिटांनी, तासाने, सहा तासांनी आणि आज सकाळी हुंगल्या.

क दहा मिनिटांत निम्मा झाला आणि तासाभरात त्याचं लिंबू संपलं. उरला एक सपाट, किंचित साबणासारखा वास. ख तासाभराने उलट सुधारला. सुरुवातीचा पावडरीचा थर विरला आणि गुलाब पुढे आला. घ सहा तासांनीही ओळखू येत होता. च आज सकाळी जवळजवळ कालच्याइतकाच आहे.

यामागची गोष्ट जुनी आहे. पाउचर नावाच्या सुगंधतज्ज्ञाने अशाच कागदाच्या पट्ट्यांवर शेकडो द्रव्यं किती टिकतात ते पाहून १९५५ मध्ये त्यांना १ ते १०० असे आकडे दिले होते. एका दिवसाच्या आत उडून जातं त्याला १. १४ पर्यंतची वरची, ६० पर्यंतची मधली, त्यापुढची तळाची. पॅचौली, ओकमॉस ही शंभरावर बसलेली. टॉप नोट, हार्ट नोट, बेस नोट हे शब्द आपण सहज वापरतो, त्यांच्या खाली हा उडण्याचा वेग असतो. लिंबूवर्गीय रेणू हलके, लवकर निघून जाणारे. चंदन, मस्क, व्हॅनिलिन जड, बसून राहणारे.

पण आजच्या पट्ट्यांवरून टिकाऊपणाचा निर्णय घ्यायचा नाही, हे इथेच लिहून ठेवतो. कागद थंड असतो, त्याला घाम नसतो, तेल नसतं, आणि तळाचे जड रेणू तो तंतूंमध्ये धरून ठेवतो. कागदावर तीन दिवस राहणारा वास हातावर संध्याकाळपर्यंतही राहील असं नाही. पट्टीवरून एवढंच कळतं की वास कोणत्या टप्प्यांतून जातो आणि त्यातला एखादा टप्पा मला नकोसा आहे का. त्या हिशोबाने क आज बाद. त्याचं जे मला आवडतं ते तासाभराचंही नाही. ग आणि छ पहिल्या फेरीतच गळले होते. छ चं मला वाईट वाटत नाही, तळाच्या गोड वासाशी माझं जमत नाही हे पहिल्या बाटलीने शिकवलं आहे.

१७ सप्टेंबर, नाक कधी थकतं ते मोजायचा प्रयत्न

नाक थकलं हे आतून कळत नाही, ही यातली खरी अडचण. पाय दुखले की कळतं, नाक बोथट झालं की आपल्याला वाटतं समोरचा वासच साधा आहे. म्हणून आज धाकट्या बहिणीला बसवून एक चाचणी केली.

तीन पट्ट्यांची चाचणी. तीनपैकी दोन सारख्या, एक वेगळी, आणि मी वेगळी ओळखायची. नुसत्या अंदाजाने तीनात एकदा बरोबर येणारच. दोन सुगंध अगदी निराळे असते तर चाचणी फार सोपी झाली असती, म्हणून तिने एका छोट्या काचेच्या वाटीत पहिल्या जुन्या बाटलीचे दहा थेंब घेतले आणि दुसऱ्या वाटीत तेच दहा थेंब अधिक दुसऱ्या बाटलीचा एक थेंब. पट्ट्या तिनेच बुडवल्या, मागे खुणा तिनेच केल्या, मी तोपर्यंत दुसऱ्या खोलीत.

आधी ताज्या नाकाने सहा वेळा, प्रत्येक वेळेच्या मधे दोन मिनिटं. सहापैकी पाच बरोबर. नुसत्या अंदाजाने सहात पाच किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता शंभरात दोनाहून कमी आहे, म्हणजे फरक मला खरंच कळत होता.

मग तिने मला त्याच बाटल्यांच्या आठ पट्ट्या सलग हुंगायला लावल्या, दुकानात करतो तशा. लगेच पुढचे सहा प्रयत्न, मधे न थांबता. सहापैकी दोन. निव्वळ अंदाज जितका बरोबर येतो तितकंच. आणि गंमत अशी की दोन्ही वेळा मी सारख्याच खात्रीने उत्तरं दिली होती. बहीण म्हणाली, "दादा, तू तर अगदी ठामपणे चुकीची पट्टी उचलत होतास."

वीस मिनिटं बाहेर मोकळ्या हवेत चालून आलो आणि पुन्हा सहा प्रयत्न केले. चार बरोबर. नाक सुधारलं, पण पूर्ण परतलं असं या आकड्यावरून म्हणता येत नाही. सहात चार अंदाजानेही दहातून एकदा येतात. प्रयत्न थोडे आहेत. निदान बारा करायला हवे होते, पण तोपर्यंत बहिणीचंही नाक भरून गेलं होतं.

कॉफीच्या बियांविषयी. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात कॉफी, लिंबाच्या फोडी आणि साधी हवा यांची तुलना झाली होती, आणि कॉफीने वास ओळखायला साध्या हवेपेक्षा जास्त मदत केली नाही. मला ते पटतं. कॉफी हा आणखी एक तीव्र वास आहे. त्याने थकलेल्या पेशींची विश्रांती होत नाही, फक्त लक्ष दुसरीकडे जातं. बरणीपाशी उभं राहताना जो मिनिटभर वेळ जातो त्याचाच काय तो उपयोग. तोच वेळ दाराबाहेर घालवलेला चांगला. बाहेर जाता येत नसेल तर मी कोपराच्या आत, स्वतःच्या बिनवासाच्या बाहीत नाक घालून श्वास घेतो. आपल्या अंगाच्या वासाला नाक आधीच सरावलेलं असतं, म्हणून नव्याने काही भर पडत नाही.

२० सप्टेंबर, त्वचेवर

उरले तीन, ख, घ आणि च. त्यातला च घ च्या जातीचा आहे आणि मला जरा अंगावर येणारा वाटतो, म्हणून तो बाजूला ठेवला. आज दोनच, प्रत्येक हातावर एक.

दोनच का? चार-चार ठिकाणी मारून घेणारे लोक मी पाहिले आहेत. मनगटावर एक आणि त्याच हाताच्या कोपराशी दुसरा, तर हात वर नेला की दोन्हींचा वास एकत्र येतो. आणि चार वेगवेगळे वास आठ तास अंगावर वागवताना नाकाला मोकळा वेळ मिळतच नाही. पट्टी पिशवीत बंद करून ठेवता येते, हात ठेवता येत नाही.

हात नुसत्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे केले. घ डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला, ख उजव्या. एकेक फवारा, वीतभर अंतरावरून. मग हात तसेच उघडे ठेवले. मनगटावर मनगट घासलं नाही. घासल्याने रेणू मोडतात असं सांगतात, तसं काही होत नाही. पण घर्षणाने त्वचा तापते, सुगंध जास्त जागेवर पसरतो आणि वरचे हलके वास घाईने उडतात. पहिली पाच मिनिटं पाहायची असतील तर ती घासून घालवायची नाहीत. शिवाय एका हातावरचा सुगंध दुसऱ्या हाताला लागून तुलनाच संपते.

१०:२०, दोन मिनिटांनी. ख हातावर पट्टीपेक्षा ऊबदार. घ पट्टीसारखाच, थोडा गोड.

१०:३५. ख चा पावडरीचा थर इथे पंधरा मिनिटांतच गेला. पट्टीवर त्याला तास लागला होता. त्वचा बत्तीस-चौतीस अंशांवर असते, कागद खोलीइतका थंड. उडण्याचा वेग वाढणारच.

११:०५. घ जवळजवळ येतच नाही. हाताला नाक लावूनही पुसटसा. लिहिलं, "त्वचेवर टिकत नाही?" प्रश्नचिन्ह मुद्दाम ठेवलं.

११:२०. घरात राखून ठेवलेली क ची पट्टी पिशवीतून काढून हुंगली. लिंबू गेलेलं, पण उरलेला साबणासारखा वास स्पष्ट आला. म्हणजे नाक एकूण बंद नाही. मग घ खरंच उडाला आहे किंवा माझं नाक फक्त घ पुरतं सरावलं आहे, या दोनपैकी एक.

१:२०. बहीण बाहेरून आली. मी काही न सांगता तिला चप्पल काढायच्या आधीच दोन्ही हात हुंगायला सांगितले. तिने डाव्या हातापाशी वाकायच्या आधीच म्हटलं, "हे चंदन कुठून येतंय?" हात अजून तिच्या नाकापासून दोन वीत दूर होता. उजव्या हातावर तिला "फुलांचं काहीतरी, अगदी हलकं" आलं.

म्हणजे तीन तासांनी घ टिकून होता, आणि निघून जात होता तो ख. माझ्या नाकाने नेमकं उलट सांगितलं होतं. घ चा वास सतत येत राहिला म्हणून माझं नाक त्याला सरावलं. ख उडत, बदलत गेला म्हणून तो मला सारखा जाणवत राहिला.

दुसऱ्या जुन्या बाटलीविषयी आता माझ्या मनात शंका आहे. तीही बहुधा टिकत होती.

३:३०. मी दोन तास बाहेर फिरून आलो होतो, बाह्या दुमडलेल्या, हात लांब. आत आल्यावर पहिला श्वास घेतला तेव्हा घ मलाही आला. दुसऱ्या-तिसऱ्या श्वासाला पुन्हा विरला.

६:३०. ख संपला. घ त्वचेला चिकटून, जवळून येणारा.

२१ सप्टेंबर

हात बदलून तीच चाचणी करायची होती, कारण एका हाताची त्वचा दुसरीपेक्षा कोरडी असू शकते, आणि कोरडी त्वचा सुगंध लवकर सोडते. दुपारी सवयीने सुगंधी साबणाने हात धुतले. चाचणी रद्द.

आणखी एक नोंद. कुठलाही वास पहिल्या श्वासातही आलाच नाही, विश्रांतीनंतरही नाही आणि इतरांना मात्र येतो, तर ती थकव्याची गोष्ट नाही. काही मस्कचे रेणू काही लोकांच्या नाकाला ओळखूच येत नाहीत, जन्मापासून. घ मला पहिल्या श्वासात नेहमी येतो, म्हणून तो प्रकार इथे नाही. पण च मध्ये लोकांना जो "गोड मऊपणा" जाणवतो असं बहीण म्हणते, तो मला कधीच जाणवलेला नाही. मला च नुसता सुका आणि टोकदार लागतो. आम्ही दोघं एकाच बाटलीतून वेगवेगळे परफ्यूम हुंगत असू.

२३ सप्टेंबर

हात बदलून केलं. घ आता उजव्या हातावर. तोही तसाच टिकला. ख या वेळीही घ च्या आधी गेला. हातांत फरक नाही.

सकाळी डावी नाकपुडी चोंदलेली होती. दिवसात कधी एक नाकपुडी मोकळी, कधी दुसरी, असं काही तासांनी आलटून पालटून होतच असतं. पण सर्दीची शंका आली तर त्या दिवशी काहीच तपासायचं नाही असं ठरवलं. आज दोन्ही नाकपुड्या वेगवेगळ्या दाबून पाहिल्या, घ दोन्हींतून आला, म्हणून पुढे गेलो.

२७ सप्टेंबर, तिसरी फेरी

आज दुकानात काही नवीन हुंगलं नाही. घ ची छोटी नमुना कुपी मागितली. काउंटरवरच्या त्याच बाईंनी विचारलं, "अहो, इतक्या वेळा येऊन गेलात, अजून ठरलं नाही?" मी त्यांना क्रमाची गोष्ट सांगितली, की च नंतर घ हुंगला तर घ पाण्यासारखा लागतो. त्यांनी लगेच दोन पट्ट्या घेतल्या, च हुंगला, मग घ. मग म्हणाल्या, "म्हणूनच हा कुणी घेत नाही. आम्ही नेहमी यानंतरच दाखवतो." फळीवर दोन्ही बाटल्या शेजारी-शेजारी आहेत. दाखवणारा डावीकडून उजवीकडे जातो, आणि च डावीकडे आहे.

त्यांनी घ ची बाटली उचलून फळीच्या पहिल्या टोकाला ठेवली. नमुना कुपीही दिली.

२८ सप्टेंबर ते ३ ऑक्टोबर, कुपीवर सहा दिवस

पहिल्या दिवशी मनगटावर, नंतर छातीवर कपड्याच्या आत, एकच फवारा. छातीवरून वर येणारी ऊब सुगंध नाकापर्यंत सतत आणते, म्हणून तिथे मी अर्ध्या तासात सरावतो आणि दिवसभर मला तो येत नाही. मनगटावर लावला तर हात चेहऱ्याजवळ येईल तेव्हाच येतो आणि दिवसातून सात-आठ वेळा नव्याने कळतो. इतरांना दोन्ही प्रकारे सारखाच येतो, असं बहीण रोज संध्याकाळी दारातच हुंगून सांगत होती. दुपारनंतर वास येत नाही म्हणून पुन्हा मारावासा वाटला, तो मोह दोन दिवस झाला. दोन्ही दिवशी मारला नाही. संध्याकाळी तिच्या म्हणण्याप्रमाणे भरपूर शिल्लक होता.

एका दिवशी खोलीत खूप उकडत होतं. घ त्या दिवशी दुपारपर्यंत जास्त पसरला आणि संध्याकाळी लवकर उतरला. थंड दिवशी उलट. कागदावर यातलं काही दिसलं नसतं.

४ ऑक्टोबर

घ घेतला. घरी आल्यावर कपाटातली दुसरी जुनी बाटली काढली, मनगटावर एक फवारा मारला आणि बहिणीला साडेतीन तासांनी खोलीत बोलावलं. तिने दारातूनच विचारलं, "हा कुठला? हा तर घ पेक्षा छान आहे."